मोत्यांच्या कडेची जांभळी झालर

लग्नाच्या फुटेजमध्ये अंतरपाट दूर होतानाचा क्षण सगळ्यांत मोलाचा. कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर असतो, व्हिडिओवाल्याचा एलईडी दिवा समोरून झळकत असतो आणि कपाळावरून गालांवर उतरलेल्या मुंडावळ्यांचा एकेक मोती लखलखत असतो. हेच दृश्य घरी मोठ्या टीव्हीवर लावलं की पुष्कळांना काहीतरी खटकतं, पण काय खटकतंय ते सांगता येत नाही. जवळ जाऊन पाहिल्यावर कळतं, की प्रत्येक मोत्याभोवती एक बारीक जांभळी झालर आहे. नथीतल्या खड्याभोवती आहे, भटजींच्या पांढऱ्या उपरण्याच्या कडेला आहे, मागच्या खिडकीच्या गजांवर तर ठळकच आहे. मंडपात यातलं काहीच जांभळं नव्हतं. तो रंग स्वस्त लेन्सने घातलेला आहे.

तो काढता येतो का, असा प्रश्न नवे एडिटर नेहमी विचारतात. उत्तर झालरीच्या जातीवर अवलंबून आहे. लेन्समुळे कडांवर येणारे रंग दोन वेगवेगळ्या कारणांनी येतात. एका प्रकारात चित्रातली माहिती शाबूत असते, फक्त जागेवरून सरकलेली असते. ती परत जागेवर बसवता येते. दुसऱ्या प्रकारात माहितीच पसरून गेलेली असते. ती परत मिळत नाही, तिचा रंग फक्त झाकता येतो. कोणता प्रकार आहे हे न ओळखता हात घातला, तर तासन्‌तास जातात आणि नवरीचा गाल करडा होऊन बसतो.

मूळ दोष काचेचाच आहे. काच सगळ्या रंगांना सारखं वाकवत नाही. निळा-जांभळा प्रकाश जास्त वळतो, तांबडा कमी. त्यामुळे साध्या एका भिंगातून निळ्याचा फोकस भिंगाच्या जवळ पडतो आणि तांबड्याचा लांब. न्यूटनला हा दोष भिंगाने सुटणारच नाही असं वाटलं, म्हणून 1668 मध्ये त्याने भिंगाऐवजी आरसा वापरून दुर्बीण बनवली. पुढे इंग्लंडमध्येच चेस्टर मूर हॉल याने 1730 च्या दशकात दोन वेगळ्या जातींच्या काचांची भिंगं जोडून यावर तोड काढली आणि जॉन डॉलंडने 1758 मध्ये तिचं पेटंट घेतलं. क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि फ्लिंट काचेचं खोलगट भिंग, अशी ती जोडी. एकाने फाकवलेले रंग दुसरं गोळा करतं.

पण ही जोडी दोनच रंगांना एका जागी आणते. तांबडा आणि निळा एकत्र आले, तर मधला हिरवा त्यांच्यापासून किंचित अलग, भिंगाच्या थोडा अलीकडे राहतो. आपल्या डोळ्याला सर्वांत जास्त उजेड हिरव्यातच दिसतो, त्यामुळे हिरवा नीट दिसला की चित्र फोकसमध्ये आहे असं आपण मानतो, आणि कॅमेराही साधारण तसंच मानतो. हिरवा तेजस्वी मोती सेन्सरवर नेमका ठिपका म्हणून उमटतो; त्याच मोत्याचे तांबडे आणि निळे किरण अजून पुरते जुळलेले नसतात, म्हणून ते जरा मोठी, पुसट चकती होऊन पडतात. ठिपक्याच्या बाहेर डोकावणाऱ्या त्या वर्तुळात हिरवा नाही, फक्त तांबडा आणि निळा आहे. या दोघांची बेरीज म्हणजे जांभळा. अगदी टोकाचा जांभळा प्रकाश तर या जोडीलाही दाद देत नाही आणि आणखी पसरतो. महागड्या लेन्समध्ये यासाठी खास काचा किंवा फ्लोराइटचे स्फटिक वापरतात. स्वस्त लेन्सची किंमत कमी राहते, कारण त्या काचा तिच्यात नसतात.

ही झालर सगळीकडे असते, पण दिसते ती झगझगीत वस्तूंच्या कडेला. समजा, पसरलेल्या चकतीत मोत्यावरच्या झळाळीचा फक्त एक टक्का प्रकाश आहे. झळाळी शेजारच्या गालाच्या दुप्पट असेल, तर तो एक टक्का कोणाला दिसणार? पण एलईडीचं प्रतिबिंब गालाच्या साठपट तेजस्वी असेल, तर त्याचा एक टक्का गालाच्या निम्म्याहून जास्त उजेड झाला. शिवाय मोती स्वतः पांढराफटक होऊन सेन्सरच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो, त्यामुळे त्याचं खरं तेज किती होतं ते चित्रात उरतच नाही. उरते ती भोवतीची जांभळी कडा. म्हणूनच ढगाळ पांढऱ्या आभाळावर नारळाच्या झावळ्या, खिडकीचे गज, चांदीची भांडी आणि मुंडावळ्या ही या दोषाची आवडती ठिकाणं आहेत.

आता दुसरा प्रकार. तिरकस येणाऱ्या किरणांसाठी लेन्स प्रत्येक रंगाचं चित्र किंचित वेगळ्या आकाराचं काढते. तांबडं चित्र हिरव्यापेक्षा अगदी थोडं मोठं, निळं थोडं लहान, किंवा याच्या उलट. मध्यभागी तिन्ही एकमेकांवर नेमकी बसतात. जसजसं कडेला जावं तसतसा फरक वाढतो. फोकस तिन्हींचा ठीक असू शकतो, फक्त आकार जुळत नाही.

दोन्हींमध्ये फरक ओळखायला क्लिप थांबवून 200 टक्के मोठी करावी आणि एकाच वस्तूच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. मोत्याभोवती सगळीकडून एकच जांभळा रंग असेल, आणि तो मोती चित्राच्या मध्यात असूनही तसाच असेल, तर तो फोकसचा दोष, म्हणजे पसरलेल्या रंगाचा. खांबाच्या बाहेरच्या बाजूला तांबडी रेघ आणि आतल्या बाजूला निळसर-हिरवी रेघ असेल, आणि चित्राच्या मध्यभागी मात्र सगळं स्वच्छ असेल, तर तो आकाराचा दोष. डाव्या खांबावर तांबडं डावीकडे असेल, तर उजव्या खांबावर ते उजवीकडे असलं पाहिजे, कारण दोष मध्यापासून बाहेर जातो.

व्हिडिओत आणखी एक सोय आहे, जी फोटोत मिळत नाही. कॅमेरा फिरत असलेली क्लिप चालवून पाहा. खांब कडेकडून मध्याकडे येताना त्याच्या रंगीत रेघा विरत गेल्या, तर आकाराचा दोष पक्का. आणि फोकस मागेपुढे होत असेल, तर रंगच बदलताना दिसतो. फोकसच्या अलीकडे असलेल्या वस्तूंवर जांभळा चढतो, पलीकडच्यांवर हिरवा, कारण पलीकडच्या वस्तूंमध्ये हिरवाच जास्त पसरलेला असतो. मुंडावळ्यांवर जांभळा इतका दिसतो त्याचं एक कारण हेच. फोकस नवरीच्या डोळ्यांवर असतो आणि मोती चेहऱ्याच्या थोडे पुढे लोंबत असतात. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्स f/1.4 ला पूर्ण उघडी ठेवून दीड मीटरवरून चित्रण केलं, तर फोकसची एकूण खोली जेमतेम साताठ सेंटिमीटर असते. मोती तिच्या अलीकडच्या टोकावरच असतात.

आता दुरुस्ती. मी इथे डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतली रीत सांगते, कारण छोट्या गावातल्या स्टुडिओंतही ती सहज मिळते. फोटोंसाठीच्या लाइटरूममध्ये झालर काढायची तयार पट्टी असते. व्हिडिओत ते काम हाताने जुळवावं लागतं, आणि खरं सांगायचं तर हाताने केलेलं जास्त चांगलं होतं.

आधी सोपा, आकाराचा दोष. समजा, हॉलचं रुंद दृश्य आहे, 3840 बाय 2160 पिक्सेलचं. मंडपाचा पांढरा खांब डाव्या कडेजवळ, चित्राच्या मध्यापासून साधारण 1800 पिक्सेलवर आहे. मोठं करून पाहिलं, तर तांबड्याची कडा हिरव्याच्या 4 पिक्सेल बाहेर आहे आणि निळ्याची 2 पिक्सेल आत. 4 भागिले 1800 म्हणजे साधारण 0.002. म्हणजे तांबडं चित्र हिरव्यापेक्षा हजारात दोन भाग मोठं आहे. निळ्याला तांबड्यापर्यंत पोचायला 6 पिक्सेल हवेत, म्हणजे हजारात तीनहून थोडे जास्त.

Color पानावर Splitter/Combiner ही नोडची जोडी घातली, की चित्र तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन वाटांनी जातं आणि पुढे परत एक होतं. मधल्या प्रत्येक नोडवर Sizing मध्ये Node Sizing निवडायचं आणि Zoom चा आकडा बदलायचा. तांबडा सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याला 1.000 वरच ठेवावं, हिरव्याला 1.002 आणि निळ्याला 1.003 द्यावं. नेहमी लहान चित्रांना मोठं करावं. मोठ्याला लहान करायला गेलं, तर चित्राच्या चौकटीला एक-दोन पिक्सेलची रंगीत रिकामी पट्टी उरते आणि ती टीव्हीवर दिसते.

डावा खांब स्वच्छ झाला की लगेच उजवा पाहावा. डावा सुधारला आणि उजवा बिघडला, तर आकार बरोबर असून मध्य चुकला आहे. याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे ही दुरुस्ती करण्याआधीच क्लिप कापली, सरकवली किंवा स्थिर केली गेली. लेन्सचा मध्य मूळ, न कापलेल्या चित्राच्याच मध्यावर असतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी व्हायला हवं. कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने स्वतःच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चित्र स्थिर केलं असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये चौकट थोडी सरकलेली असते आणि लेन्सचा मध्यही तिच्याबरोबर भटकतो. अशा क्लिपवर एकच आकडा चालत नाही. मोबाइलला चिमट्याने लावायच्या स्वस्त रुंद लेन्सचंही तेच. चिमटा एक मिलिमीटर तिरका बसला तरी मध्य हलतो. तिथे आकारासोबत तांबड्याला आणि निळ्याला आडवं-उभं थोडं सरकवावंही लागतं. झूम लेन्स असेल, तर झूम बदलताच आकडे बदलतात.

कडा पूर्ण स्वच्छ कधीच होत नाहीत, याचं कारण रेकॉर्डिंगमध्ये आहे. बहुतेक कॅमेरे फाइल लहान ठेवण्यासाठी उजेड प्रत्येक पिक्सेलचा नोंदतात, पण रंग चार पिक्सेलमागे एकदाच. एक पिक्सेल सरकलेला तांबडा त्या नोंदीत दोन पिक्सेलभर सारवला जातो. तो परत जागेवर सरकवला, तरी सारवण राहतंच. शिवाय हा दोष मध्यापासून कडेपर्यंत अगदी सरळ प्रमाणात वाढेलच असं नाही. त्यामुळे अगदी कोपऱ्यावर जुळवण्यापेक्षा मध्यापासून दोन तृतीयांश अंतरावर जुळवलेलं बरं. प्रेक्षकाची नजर कोपऱ्यात क्वचितच जाते.

आता मोती. इथे तिन्ही रंगांना लहान-मोठं करून काहीच साधत नाही, कारण मोत्याभोवतीची कडा सगळीकडून जांभळी आहे. एका बाजूची गेली, तर दुसऱ्या बाजूची वाढेल. इथे निळा आणि तांबडा पसरलेले आहेत, त्यांना परत आवळता येत नाही. जांभळा रंग मारणं एवढंच हातात आहे, आणि तो कसा मारावा यातच सगळं कौशल्य आहे.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो. Hue vs Sat ही रेषा उघडायची, जांभळ्याच्या जागी ती खाली ओढायची. एका क्षणात सगळ्या चित्रातली झालर नाहीशी होते. आभाळासमोरच्या झावळ्यांसाठी हे पुरतं आणि त्यापलीकडे काही करायची गरज नसते. पण आपल्या नवरीने जांभळी पैठणी नेसली आहे. रेषा खाली गेली आणि पैठणी राखाडी झाली. महिनाभर दुकानं पालथी घालून निवडलेला रंग पुसून टाकायचा हक्क एडिटरला नाही, हे मी ठामपणे म्हणेन. गुलाबी ओठ आणि मेंदीच्या तांबूस छटाही थोड्या उतरतात, आणि ते लक्षात यायला जास्त वेळ लागतो.

म्हणून दुसरा उपाय. Qualifier ने झालरीचा जांभळा उचलायचा, रंगाची पट्टी अरुंद करायची आणि चेहऱ्याभोवती एक गोल खिडकी काढून ती चेहऱ्याबरोबर ट्रॅक करायची, म्हणजे पैठणी बाहेर राहते. मग निवडलेल्या भागाचं Saturation, जे रिझॉल्व्हमध्ये मुळात 50 असतं, ते 10-15 वर आणायचं. साडी वाचली. पण गाल जवळून पाहा. मोत्याभोवती आता जांभळ्याऐवजी करडी रेघ आहे, पेन्सिलने बाह्यरेषा काढावी तशी. असं का होतं ते एका पिक्सेलवर पाहता येतं. समजा, मोत्याच्या कडेला गालावरच्या पिक्सेलमध्ये तांबडा 190, हिरवा 120, निळा 175 आहे. शेजारची स्वच्छ त्वचा 200, 150, 125 आहे. त्या पिक्सेलचा रंग पूर्ण काढला, तर तिन्ही आकडे 139 च्या आसपास येतात. त्वचेच्या मधोमध 139 चा करडा ठिपका, आणि असे हजारो ठिपके ओळीने.

निवड करताना जांभळा हा रंग जास्त झाला असं आपण धरून चालतो, पण बिघाड नेमका कुठे आहे ते आकडेच सांगतात. त्वचेत, मग ती गोरी असो की सावळी, तांबडा सर्वांत जास्त, मग हिरवा आणि निळा सर्वांत कमी असा क्रम असतो. झालरीच्या पिक्सेलमध्ये निळ्याने हिरव्याला ओलांडलं आहे. निळ्याला हिरव्याच्या पुढे जाऊ दिलं नाही, तर 190, 120, 175 चं 190, 120, 120 होतं. हा तांबूस रंग आहे, किंचित काळसर, आणि त्वचेत मिसळून जातो. सिनेमात निळ्या पडद्यासमोर चित्रण केल्यावर नटाच्या केसांवर पडलेला निळा काढायला हीच युक्ती फार वर्षं वापरली जाते. झालरीवर ती इतकी चपखल लागू पडते, की मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

रिझॉल्व्हच्या Fusion पानावर Custom Tool नावाचा नोड आहे. त्यात प्रत्येक रंगाच्या वाटेसाठी सूत्र लिहायला जागा असते. निळ्याच्या जागी मुळात b1 लिहिलेलं असतं. तिथे एवढंच लिहायचं:

```
min(b1, g1)
```

अर्थ सरळ आहे: निळा आणि हिरवा यांतला जो कमी, तो निळ्याच्या जागी ठेव. जिथे निळा आधीच कमी आहे, त्या पिक्सेलला हात लागत नाही. म्हणून गाल, ओठ, हळद, कुंकू सगळं जसंच्या तसं राहतं. यासाठी पांढरं मात्र आधी खरोखर पांढरं असायला हवं. व्हाइट बॅलन्स निळसर असेल, तर स्वच्छ पांढऱ्या कापडातही निळा हिरव्याच्या वर असतो आणि सूत्र त्यालाही कापून टाकतं.

पण जांभळी पैठणी आणि निळं आभाळ यांत निळा हिरव्यापेक्षा जास्तच असतो, आणि तो खराच असतो. सूत्राला खरंखोटं कळत नाही. म्हणून सूत्र जिथे चालायचं ती जागा आखून द्यावी लागते. झालर फक्त झगझगीत वस्तूला चिकटून असते, याचाच इथे उपयोग करायचा. LumaKeyer ने चित्रातले फक्त अगदी पांढरे, जळालेले भाग निवडायचे. मोत्यांवरचे ठिपके आणि नथीतले खडे एवढंच उरेपर्यंत निवड घट्ट करत जायची. मग ErodeDilate ने ती निवड बाहेरच्या बाजूला फुगवायची. किती, ते झालरीच्या रुंदीवरून ठरतं. झालर 5-6 पिक्सेलची असेल, तर निवड 8 पिक्सेलपर्यंत पसरू द्यावी आणि कडा थोडी मऊ करावी. हा तयार झालेला मास्क Custom Tool ला जोडला, की सूत्र फक्त त्या कड्यांमध्ये चालतं. कडेच्या जांभळ्यासाठी वेगळी रंगाची निवड करावी लागत नाही. निळा वरचढ नसेल तिथे सूत्र आपोआप गप्प बसतं.

तरी पैठणी पुन्हा एकदा परीक्षा घेते. तिच्या काठाची जर एलईडीखाली मोत्यांइतकीच चमकते. जरीचे चमकते ठिपकेही मास्कमध्ये येतात, फुगवल्यावर त्यांच्या शेजारचं जांभळं रेशीम आत ओढलं जातं आणि जरीला तांबूस कडा फुटते. म्हणजे चेहऱ्याभोवतीची ट्रॅक केलेली खिडकी इथेही लागतेच. खांद्यावर पदरापाशी मुंडावळीचा शेवटचा मोती रेशमावर टेकला असेल, तर तेवढ्या जागी मी झालर राहू देते. जांभळ्यावर जांभळी कडा कोणाला दिसत नाही.

आणखी एका गोष्टीशी गल्लत होते. हॉलच्या सजावटीत जांभळ्या एलईडीच्या माळा असतात. त्यांचा गाभा कॅमेऱ्यात पांढरा होतो आणि कडा जांभळी राहते. दिसायला अगदी झालरीसारखं. पण ती माळ खरोखर जांभळीच आहे, आणि तिचा रंग मारला तर हॉलची सगळी सजावट फिकी पडते. शंका आली तर माळेच्या मागच्या भिंतीकडे पाहावं. भिंतीवर जांभळा उजेड पडला असेल, तर माळ जांभळी आहे. लेन्सची झालर भिंतीवर उजेड टाकत नाही.

थांबलेल्या फ्रेमवर सुंदर दिसणारी दुरुस्ती चालत्या क्लिपवर फसते ती बहुधा लुकलुकण्यामुळे. नवरी थोडी हलली की मोत्यावरची झळाळी एका फ्रेममध्ये मर्यादेच्या वर असते, पुढच्या फ्रेममध्ये खाली. मास्क तेवढ्या वेळा उघडझाप करतो आणि मोत्याभोवती जांभळा रंग पेटतो-विझतो. सतत असलेल्या झालरीपेक्षा ही लुकलुक डोळ्याला जास्त टोचते. म्हणून नुसता मास्क, काळा-पांढरा, पूर्ण क्लिपभर चालवून पाहायची सवय लावावी. तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात शांतपणे सरकत असेल तर ठीक. फसफसत असेल, तर झळाळीची मर्यादा थोडी खाली आणावी आणि काठ अजून मऊ करावा. कमी उजेडात वाढवलेल्या आयएसओमुळे आलेले दाणे मास्कमध्ये किडे वळवळल्यासारखे दिसतात. रिझॉल्व्हमधलं दाणे कमी करायचं साधन पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीतच आहे, त्यामुळे फुकट आवृत्तीत मास्क मऊ करण्यावरच भागवावं लागतं.

पलीकडच्या वस्तूंवरच्या हिरव्या कडांना उलटं सूत्र लागतं. हिरव्याच्या जागी असं लिहावं:

```
min(g1, max(r1, b1))
```

म्हणजे हिरव्याने तांबडा आणि निळा यांतल्या मोठ्याला ओलांडू नये. तोरणातली आंब्याची पानं, केळीचे खुंट यांना यातून बाहेर ठेवावं लागतं, नाहीतर ती मातकट होतात. मला विचाराल तर मागच्या पुसट दिव्यांभोवतीच्या हिरव्या कडा बहुतेक वेळा सोडून द्याव्यात. प्रेक्षक चेहऱ्याकडे पाहत असतो आणि पार्श्वभूमीतल्या मोठ्या वर्तुळांच्या रंगीत कडांना मास्क लावणं ही फार वेळ खाणारी आणि कमी फळ देणारी गोष्ट आहे.

दोष झाकण्यापेक्षा तो कमी उमटवणं अर्थातच सोपं, आणि त्यासाठी नवी लेन्स घ्यायची गरज नसते. पसरलेल्या चकतीचा व्यास लेन्सच्या छिद्राच्या प्रमाणात असतो. f/1.4 ऐवजी f/2.8 वर आलं, की छिद्राचा व्यास निम्मा होतो, चकतीही निम्मी होते आणि झालर बहुतेक वेळा मोत्याच्या कडेतच लपते. सेन्सरवरचा उजेड मात्र एक चतुर्थांश उरतो, तो आयएसओ चौपट करून किंवा दिवा जवळ आणून भरून काढावा लागतो. आकाराच्या दोषावर छिद्र लहान केल्याचा परिणाम होत नाही. तोच त्याला ओळखायचा आणखी एक मार्ग. फोकस डोळ्यांऐवजी अगदी किंचित अलीकडे, मोत्यांच्या बाजूला घेतला, तरी मोत्यांवरचा जांभळा उतरतो, f/2.8 वर डोळेही त्या खोलीत सांभाळले जातात.

दिवा समोरून थेट मारण्याऐवजी त्याच्यापुढे पांढरं कापड लावलं, तर मोत्यावर झळाळीचा टोचरा ठिपका पडत नाही, रुंद मऊ चमक पडते. सेन्सरच्या मर्यादेबाहेर काही जात नाही आणि झालरीला खाद्यच मिळत नाही. कॅमेऱ्यात झेब्रा म्हणजे जळू लागलेल्या भागांवर दिसणाऱ्या तिरक्या रेघा असतात. त्या 95 टक्क्यांवर लावून मोत्यांवर त्या उमटणार नाहीत इतकं एक्स्पोजर उतरवावं. गाल थोडा काळवंडला तर तो नंतर उजळता येतो. जळालेला मोती परत आणता येत नाही. दुकानात यूव्ही फिल्टर या झालरीवर उपाय म्हणून विकतात. दिसणारा जांभळा प्रकाश तो अडवत नाही आणि त्याखालचा बहुतेक अतिनील प्रकाश लेन्सच्या काचा स्वतःच अडवतात, तेव्हा त्यावर पैसे घालू नयेत.

हे सगळं करून उरलेली झालर किती साफ करायची, ते क्लिप कुठे पाहिली जाणार यावर ठरतं. मोबाइलवर पाठवायची छोटी क्लिप 1080 पिक्सेलवर उतरवली, की 4के मधली दोन पिक्सेलची कडा एका पिक्सेलची होते आणि पाठवताना होणाऱ्या दाबण्यात ती जवळजवळ विरते. तिथे Hue vs Sat ची हलकी ओढ आणि साडीपुरती खिडकी एवढं पुरतं. पंचावन्न इंची टीव्हीवर सगळं कुटुंब बसून बघणार असेल, तर Custom Tool आणि मास्कवर वेळ घालवावा, पण चेहऱ्याच्या जवळच्या क्लिपांवरच. अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी आणि पाठवणीतल्या त्या मोजक्या क्लिपांमध्ये मोती कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ असतात आणि झालर सर्वांत रुंद असते.